समान गुणांची क्रमवारी (गुणवत्ता यादी)

दोन किंवा अधिक विद्यार्थ्यांचे एकूण गुण सारखे असताना त्यांना कोणता क्रमांक द्यायचा, हे ठरवण्याची पद्धत म्हणजे समान गुणांची क्रमवारी. संगणकावरच्या तक्त्यात हे काम दोन मार्गांनी होते. एक म्हणजे `RANK.EQ` सारखे तयार फंक्शन. दुसरा म्हणजे `COUNTIF`, `COUNTIFS` किंवा `SUMPRODUCT` वापरून ‘माझ्या पुढे किती जण’ हे स्वतः मोजणे. साध्या तक्त्यावर दोन्हींची उत्तरे जुळतात. रकान्यात गैरहजर विद्यार्थी, टक्के किंवा तुकड्या आल्या की ती वेगळी होऊ लागतात.

नाशिक विभागीय मंडळाच्या कक्षेत नाशिक, धुळे, जळगाव आणि नंदुरबार हे जिल्हे येतात. राज्य मंडळ आता दहावी-बारावीची गुणवत्ता यादी जाहीर करत नाही, त्यामुळे ‘कॉलेजात पहिला कोण’ याचा निवाडा शाळा-महाविद्यालयांच्या कार्यालयातच होतो. पूर्वपरीक्षेचा फलक असो, की गुणवंतांच्या सत्काराची नावे, यादी बहुधा वर्गशिक्षक किंवा लिपिक एक्सेलमध्ये करतात. नोंदीतले पुढचे उदाहरण नाशिकच्या एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयातल्या बारावी विज्ञानाच्या पूर्वपरीक्षेचे आहे, असे समजावे. एकूण गुण ६०० पैकी आहेत आणि ते `C2` ते `C9` या खान्यांत आहेत.

| विद्यार्थी | गुण | समान क्रमांक | सरासरी क्रमांक | सलग क्रमांक |
|---|---|---|---|---|
| क | ५४७ | १ | १ | १ |
| ख | ५४१ | २ | ३ | २ |
| ग | ५४१ | २ | ३ | २ |
| घ | ५४१ | २ | ३ | २ |
| च | ५३६ | ५ | ५ | ३ |
| छ | ५३० | ६ | ६.५ | ४ |
| ज | ५३० | ६ | ६.५ | ४ |
| झ | ५२२ | ८ | ८ | ५ |

तिसरा रकाना `RANK.EQ` चा. हे फंक्शन एक्सेल २०१० पासून आहे. त्याआधीचे `RANK` हेच उत्तर देते आणि जुन्या फायलींसाठी ते अजून ठेवलेले आहे. चौथा रकाना `RANK.AVG` चा. ते समान गुणवाल्यांना त्यांनी व्यापलेल्या जागांची सरासरी देते. संख्याशास्त्रात त्याचा उपयोग आहे, पण ‘साडेसहावा आला’ असे कोणी फलकावर लिहीत नाही, म्हणून गुणवत्ता यादीपुरता तो बाजूला ठेवता येतो. खरा प्रश्न तिसऱ्या आणि पाचव्या रकान्यातला आहे.

विद्यार्थी ‘च’ कितवा आला? समान क्रमांकाच्या पद्धतीत तो पाचवा, कारण त्याच्या पुढे चार जण आहेत. सलग क्रमांकाच्या पद्धतीत तो तिसरा, कारण त्याच्या पुढे गुणांच्या दोनच पायऱ्या आहेत, ५४७ आणि ५४१. आकडेमोड दोन्हीकडे बरोबर आहे, फक्त मोजलेली गोष्ट वेगळी आहे. पहिल्या पद्धतीत माणसे मोजली जातात, दुसरीत गुणांच्या पायऱ्या. ‘पहिल्या तीन क्रमांकांना बक्षीस’ असे छापून झाले असेल, तर पहिल्या पद्धतीने चौघांना बक्षीस मिळते आणि तिसरा क्रमांक रिकामा राहतो. दुसऱ्या पद्धतीने पाच जण मंचावर येतात. ‘दुसरा क्रमांक विभागून’ ही आपल्याकडची जुनी घोषणा दोन्हींत बसते. त्यानंतरच्या मुलाला तिसरा म्हणायचे की पाचवा, हे मात्र त्या घोषणेतून ठरत नाही. ते निकालाआधी ठरवून यादीच्या माथ्यावर लिहायला हवे. गुण कळल्यावर पद्धत निवडली, तर ती कोणाच्या तरी बाजूने निवडल्यासारखी दिसते, आणि पालकांना तशी शंका घेण्याचा पूर्ण हक्क आहे.

मोजणीने समान क्रमांक काढायचे सूत्र छोटे आहे:

```
=RANK.EQ(C2,C$2:C$9)
=COUNTIF(C$2:C$9,">"&C2)+1
```

दुसरी ओळ क्रमांकाची व्याख्याच लिहून दाखवते: माझ्यापेक्षा जास्त गुणांचे जितके, त्यात एक मिळवा. सलग क्रमांकासाठी तयार फंक्शन नाही, तिथे मोजणीलाच जावे लागते:

```
=ROUND(SUMPRODUCT((C$2:C$9>C2)/COUNTIF(C$2:C$9,C$2:C$9)),0)+1
```

इथे ५४१ गुणांचे तिघे प्रत्येकी एक-तृतीयांश मोजले जातात, म्हणजे तिघे मिळून एकच पायरी होते. तृतीयांशांची बेरीज संगणकात कधी कधी एकाच्या किंचित अलीकडे थांबते, म्हणून बाहेर `ROUND` लावलेले बरे. रकान्यात एक जरी खाना रिकामा राहिला, तरी शून्याने भागाकार होऊन सगळीकडे `#DIV/0!` दिसते.

मोजणीचा मोठा फायदा अटींमध्ये आहे. `RANK.EQ` ला संपूर्ण पट्टा द्यावा लागतो, ‘फक्त अ तुकडीतले’ असे त्याला सांगता येत नाही. `COUNTIFS` मध्ये तुकडीची आणखी एक अट जोडली की तुकडीनिहाय क्रमांक मिळतो आणि तक्ता फोडावा लागत नाही. बरोबरी सोडवणेही असेच होते. समजा गणिताचे गुण `D` रकान्यात आहेत आणि ख, ग, घ यांना गणितात अनुक्रमे ९२, ९५ आणि ९२ आहेत:

```
=COUNTIF(C$2:C$9,">"&C2)+COUNTIFS(C$2:C$9,C2,D$2:D$9,">"&D2)+1
```

आता ‘ग’ दुसरा होतो आणि ख व घ दोघे तिसरे राहतात. पुढे भौतिकशास्त्र घ्यायचे, तर तशीच आणखी एक मोजणी जोडायची. जेईई मेनच्या अभियांत्रिकी पेपरमध्येही बरोबरी सोडवताना आधी गणित, मग भौतिक, मग रसायन असा क्रम पाहतात. जागा मोजक्या असतील, तर असा नियम लागतोच. केवळ सत्कार करायचा असेल, तर बरोबरी तशीच ठेवणे न्याय्य आहे, कारण गणिताला जीवशास्त्रापेक्षा जास्त वजन देण्याचे कारण सत्काराला सांगता येत नाही.

एक प्रकार मात्र टाळायलाच हवा. प्रत्येकाला वेगळा क्रमांक मिळावा म्हणून पुष्कळजण समान क्रमांकात `COUNTIF(C$2:C2,C2)-1` मिळवतात. त्यामुळे समान गुणवाल्यांत जो तक्त्यात वर आहे तो पुढे जातो. हजेरीपट आडनावांच्या क्रमाने लावलेला असतो, तेव्हा आहेर वाघांच्या पुढे जातात ते केवळ आडनावामुळे. दुसऱ्या पानावर नावे ओढून घेण्यासाठी मदतीचा रकाना म्हणून हे सूत्र उपयोगी आहे. फलकावर त्याचे आकडे क्रमांक म्हणून लावू नयेत.

मोजणीच्या पद्धतीची सगळ्यात वाईट चूक गैरहजर विद्यार्थ्याच्या बाबतीत होते. गुणांच्या खान्यात ‘गैरहजर’ लिहिले असेल, तर `RANK.EQ` तिथे `#VALUE!` दाखवते आणि लिपिकाच्या लगेच लक्षात येते. `COUNTIF` मात्र अक्षरांची तुलना अक्षरांशीच करते. ‘गैरहजर’च्या पुढचा शब्द रकान्यात कुठेही नसल्याने मोजणी शून्य येते, त्यात एक मिळवला जातो आणि परीक्षेला न बसलेला मुलगा पहिला येतो. `SUMPRODUCT` मधल्या थेट तुलनेत याच्या उलट घडते. एक्सेलमध्ये कोणताही मजकूर कोणत्याही संख्येपेक्षा मोठा धरला जातो, त्यामुळे तो गैरहजर मुलगा सगळ्यांच्या पुढे मोजला जातो आणि पहिल्या मुलाला दुसरा क्रमांक मिळतो. म्हणून `COUNTIF` चे सूत्र असे लिहावे:

```
=IF(ISNUMBER(C2),COUNTIF(C$2:C$9,">"&C2)+1,"")
```

`SUMPRODUCT` साठी सूत्रात काही वाढवण्यापेक्षा ‘गैरहजर’ हा शेरा वेगळ्या रकान्यात नेऊन त्या मुलांच्या ओळी पट्ट्याबाहेर ठेवणे सोपे पडते.

याहून सहज नजरेआड होते ती चूक टक्क्यांवर क्रमांक काढल्याने होते. ६०० पैकी ५३० म्हणजे ८८.३३३३ असा न संपणारा आकडा. `">"&C2` लिहिताना एक्सेल त्या आकड्याचे मजकुरात रूपांतर करते आणि पंधरा अंकांवर थांबते. मजकुरातला आकडा मूळ आकड्यापेक्षा केसभर लहान पडला, तर विद्यार्थी स्वतःपेक्षाच मोठा ठरून मोजला जाऊ शकतो. वरच्या तक्त्यात हे ५३६ (८९.३३३३ टक्के) आणि ५३० या दोन्ही ठिकाणी लागू होते. ५४१ चे टक्के ९०.१६६६ असे असल्याने शेवटचा अंक वर जातो, म्हणून तिथे काही बिघडत नाही. अशी मोजणी झाली की क्रमांक १, २, २, २, ६, ८, ८, ८ असे येतात. ‘च’ पाचव्याचा सहावा होतो, छ आणि ज सहाव्याचे आठवे होतात आणि ५२२ गुणांच्या ‘झ’च्या बरोबरीला येऊन बसतात. टक्क्यांवर `RANK.EQ` चालवतानाही धोका आहे. दोन मुलांचे टक्के वेगवेगळ्या सूत्रांनी काढलेले असतील, तर पडद्यावर सारखे दिसणारे आकडे आत किंचित वेगळे असतात आणि समान क्रमांक फुटतो. त्यामुळे क्रमांक एकूण गुणांवरच काढावा आणि टक्के फक्त दाखवण्यासाठी ठेवावेत. टक्केच वापरायचे झाले, तर आधी स्वतंत्र रकान्यात `ROUND(…,2)` करून घ्यावे. ६०० गुणांत एक गुण म्हणजे ०.१७ टक्के, तेव्हा दोन दशांश स्थळांमुळे खोटी बरोबरी होत नाही.

पीडीएफवरून उचललेले किंवा मागे मोकळी जागा राहिलेले गुण दिसायला संख्या असतात, पण खान्यात मजकूर म्हणून बसतात. पट्ट्यातले असे गुण `RANK.EQ` धरत नाही आणि ‘मोठे किती’ मोजताना `COUNTIF` ही धरत नाही. म्हणजे इतरांच्या क्रमांकांत दोन्ही पद्धती एकसारख्या चुकतात आणि उत्तरे जुळली म्हणून चूक नाही असे म्हणता येत नाही. असे आकडे खान्यात डावीकडे चिकटलेले दिसतात. `COUNT` आणि `COUNTA` यांची उत्तरे वेगळी आली, तर तसे खाने शोधावेत.

समान क्रमांकांची यादी फलकावर लावण्याआधी हातानेही तपासता येते. एखादा क्रमांक जितक्या जणांना मिळाला, तितके त्यात मिळवून पुढचा क्रमांक यायला हवा: दुसरे तिघे, म्हणून पुढचा पाचवा, सहावे दोघे, म्हणून पुढचा आठवा. शेवटचा क्रमांक आणि त्यावर असलेल्यांची संख्या यांच्या बेरजेतून एक वजा केला की परीक्षेला बसलेल्यांची संख्या मिळते. टक्क्यांवरून बिघडलेली वरची यादी इथेच अडकते, कारण तिच्यात आठवा क्रमांक तिघांना आहे, हिशेब दहा दाखवतो आणि परीक्षेला बसलेले आठच आहेत.