प्रश्नपेढीतील प्रश्नाच्या दुरुस्तीसाठी अर्ज कसा करावा: काठिण्य मूल्य, भेदन मूल्य आणि लागणारी कागदपत्रे

नागपुरातल्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शाखेच्या चाचण्यांचे बहुपर्यायी प्रश्न एका सामायिक प्रश्नपेढीतून निघतात. चाचणी झाल्यावर एखादा प्रश्न खटकला तर तो परस्पर बदलता येत नाही. त्यासाठी एक पानी अर्ज करावा लागतो. प्रश्नपेढीचे काम माझ्याकडे आहे. परत पाठवाव्या लागणाऱ्या अर्जांत कारण बहुतेकदा एकच असते, ‘मुलांना अवघड गेला’, आणि तेवढ्यावर प्रश्न बदलत नाही. म्हणून ही माहिती सविस्तर लिहीत आहे.

अर्ज कोण करू शकतो, आणि कोणत्या प्रश्नासाठी

प्रश्न काढणारे शिक्षक किंवा ती चाचणी घेणारे शिक्षक अर्ज करू शकतात. विद्यार्थ्याची हरकत असेल तर ती विषयशिक्षकांमार्फत यावी.

चाचणीला निदान शंभराच्या आसपास विद्यार्थी बसलेले हवेत. याचे कारण हिशेबात आहे. एकूण गुणांनुसार उत्तरपत्रिका उतरत्या क्रमाने लावायच्या, वरचे २७ टक्के हा वरचा गट आणि खालचे २७ टक्के हा खालचा गट. (२७ टक्क्यांची ही प्रथा संख्याशास्त्रज्ञ ट्रूमन केली यांच्या १९३९च्या मांडणीतून आली आहे.) शंभर मुले असतील तर प्रत्येक गटात २७ जण येतात. तीसच मुले असतील तर आठ येतात, आणि तिथे एका मुलाने चुकून दुसरा गोल रंगवला तरी दोन गटांतला फरक मोजणारे भेदन मूल्य ०.१२५ने हलते. अशा आकड्यावर प्रश्नाचा निवाडा करणे अन्यायाचे होईल. लहान तुकडी असेल तर दोन तुकड्यांचे निकाल एकत्र करून मग अर्ज करावा.

काठिण्य मूल्य म्हणजे दोन्ही गटांत मिळून किती जणांनी बरोबर उत्तर दिले त्याचे प्रमाण. नाव काठिण्य असले तरी आकडा जितका मोठा तितका प्रश्न सोपा, आणि इथे नवे शिक्षक हमखास गोंधळतात. भेदन मूल्य म्हणजे वरच्या गटातल्या बरोबर उत्तरांतून खालच्या गटातली वजा करून, उरलेल्या संख्येला एका गटाच्या संख्येने भागायचे. भेदन ०.२०च्या खाली असेल तर प्रश्न अर्जाला पात्र. ते ऋण आले, म्हणजे खालच्या गटाने वरच्यापेक्षा बरे उत्तर दिले, तर अर्ज त्याच आठवड्यात करावा, निकाल लावण्याआधी.

याला एक अपवाद आहे. बलाच्या एककावरचा प्रश्न वरच्या २७ पैकी २७ जणांना आणि खालच्या २७ पैकी २३ जणांना आला. काठिण्य ०.९३, भेदन ०.१५. हा प्रश्न कमजोर दिसतो, पण काठिण्य ०.९३ असताना, वरचा गट सगळाच्या सगळा बरोबर असूनही, याहून जास्त भेदन येणे शक्यच नाही. मुलांना हे येतेच याची खात्री करण्यासाठी तो पेपरात ठेवला असेल, तर अर्ज करू नये. उलट बाजूला, चार पर्यायांच्या प्रश्नाचे काठिण्य ०.२५च्या जवळ आणि भेदन शून्याच्या जवळ असेल, तर सगळ्यांनी अंदाजाने गोल रंगवले आहेत. असा अर्ज करण्याआधी तो भाग वर्गात शिकवून झाला होता का, हे एकदा तपासावे.

सोबत काय जोडायचे

प्रश्न जसा छापला होता तसाच, त्याची उत्तरतालिका, आणि कोणत्या गटातल्या किती जणांनी कोणता पर्याय निवडला याचा तक्ता. हा तक्ता नसलेला अर्ज स्वीकारला जात नाही. याशिवाय दोन्ही गटांतल्या तीन-चार मुलांशी बोलून ‘तू हेच उत्तर का निवडलेस’ याची टिपणे, मुलांची नावे न लिहिता. ही टिपणे बरेच जण टाळतात. पण आकडे फक्त कुठे दुखते ते सांगतात, का दुखते ते मुलांच्याच तोंडून कळते.

एक अर्ज, सुरुवातीपासून

अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या चाचणीतला प्रश्न असा होता: ‘नागपुरातील प्रयोगशाळेत उघड्या चंचुपात्रात शुद्ध पाणी उकळत आहे. अचूक तापमापी साधारण किती अंश सेल्सिअस दाखवेल?’ उत्तरतालिकेत १०० होते. शंभर मुलांच्या निकालातून हा तक्ता निघाला:

| पर्याय | वरचा गट | खालचा गट |
|---|---|---|
| अ) ९० | १ | ४ |
| ब) ९९ | १५ | ४ |
| क) १०० | १० | १७ |
| ड) ११० | १ | २ |

काठिण्य मूल्य ५४ पैकी २७, म्हणजे ०.५०. नुसते हेच पाहिले असते तर प्रश्न उत्तम ठरला असता. भेदन मात्र १० वजा १७ भागिले २७, म्हणजे उणे ०.२६. हुशार मुले एकाच ‘चुकीच्या’ पर्यायाकडे एकवटली की पहिला संशय उत्तरतालिकेवर घ्यावा. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब थोडा कमी असल्याने पाणी ९९ अंशांच्या आसपास उकळते. मुले बरोबर होती आणि तालिका चुकलेली होती.

उत्तर ब धरल्यावर काठिण्य ०.३५ आणि भेदन ०.४१ आले. ०.४०च्या वरचे भेदन फार चांगले मानतात. इथे दोन अर्ज वेगळे करावे लागले. पहिला तालिका-दुरुस्तीचा: त्यानुसार शंभरही जणांचे गुण पुन्हा मोजले आणि गटही नव्याने पाडले, कारण गुण बदलले की सीमेवरची मुले इकडची तिकडे होतात. दुसरा प्रश्नाच्या शब्दरचनेचा. वरच्या गटातल्या दहा जणांनी १०० का निवडले, हे विचारल्यावर एक मुलगी म्हणाली, “सर, चिखलदऱ्याला कमी होते हे माहीत होतं. नागपूर तर सपाट आहे ना, म्हणून १०० लिहिलं.” दाब आणि उत्कलनांक यांचा संबंध तिला कळला होता, शहराची उंची तेवढी माहीत नव्हती. प्रश्नाला ती उंची विचारायची नव्हती, म्हणून ती प्रश्नातच दिली. ११० हा पर्याय ५४ पैकी तिघांनीच निवडला होता, म्हणून त्याच्या जागी १०१ घातला, म्हणजे दाबाचा परिणाम उलटा समजणारी मुले तिथे सापडतील.

अर्जानंतर

विषयाचे दुसरे शिक्षक उत्तरतालिका न पाहता प्रश्न सोडवतात. त्यांचे उत्तर अर्जदाराच्या उत्तराशी जुळले तरच दुरुस्ती मंजूर होते. दुरुस्त प्रश्नाला नवा क्रमांक मिळतो, जुन्या प्रश्नाचे आकडे त्याला चिकटवता येत नाहीत. पुढच्या तुकडीच्या चाचणीत तो एकदा घेऊन नवा तक्ता जोडावा लागतो, तोवर तो ‘तात्पुरता’ राहतो.

वरचा प्रश्न पुढच्या वर्षी १०४ मुलांना दिला. प्रत्येक गटात २८ जण होते. वरच्यातल्या २३ आणि खालच्यातल्या १० जणांनी ९९ निवडले: काठिण्य ०.५९, भेदन ०.४६. १०१ निवडणारे आठ होते, त्यातले सहा खालच्या गटातले. त्यानंतर प्रश्नाच्या कार्डावरचा ‘तात्पुरता’ शिक्का खोडला आणि त्याच कार्डामागे दोन्ही वर्षांचे तक्ते टाचून ठेवले.