टॉर्च आधी काढू नका

ऑस्कीच्या, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या सरावाला परवा एक विद्यार्थी आला. हात धुतले, रुग्ण म्हणून बसवलेल्या मामांना नमस्कार केला आणि लगेच खिशातला टॉर्च काढून त्यांच्या डोळ्यांत मारला. मग अक्षरांचा तक्ता दाखवला. मामांना तिसऱ्या ओळीपुढे काही दिसेना. ‘सर, यांची नजर कमी आहे,’ असं त्याने जाहीर केलं. दोन मिनिटं थांबून मी पुन्हा विचारलं, तर मामांनी शेवटून दुसरी ओळ वाचून दाखवली. कमी नव्हतंच काही, डोळे दिपले होते.

त्याला तपासायच्या होत्या मेंदूतून थेट निघणाऱ्या नसा. त्यांच्या बारा जोड्या आहेत. पाठ केलेला क्रम एक ते बारा असाच असतो आणि परीक्षेत तो बहुतांशी चालतो. पहिली नस वासाची. तिच्याबद्दल नुसतं विचारून पुढे जातात. गोची होते दुसऱ्या, म्हणजे नजरेच्या नसेपाशी, कारण या एकाच नसेच्या चार-पाच तपासण्या आहेत आणि त्यांचाही आपापसात क्रम आहे. आधी नजर, एकेका डोळ्याची, आणि चष्मा असेल तर तो लावूनच. मग रंग, मग समोरासमोर बसून बोटं हलवत दृष्टीचं क्षेत्र. टॉर्च त्यानंतर. डोळ्याचा पडदा बघायला बाहुली मोठी करणारे थेंब घालायचे असतील, तर ते सगळ्यात शेवटी. थेंब पडले की काही तास बाहुली टॉर्चला दाद देत नाही.

टॉर्चमध्ये एवढं काय आहे, ते एका उदाहरणाने सांगतो. समजा, २८ वर्षांच्या एका बाईंना चार दिवसांपासून डाव्या डोळ्याने धूसर दिसतंय आणि डोळा फिरवला की दुखतंय. उजव्या डोळ्याची नजर ६/६, डाव्याची ६/३६. बाटलीचं लाल टोपण डाव्या डोळ्याला विटलेलं दिसतं. आरशात बघितलं तर दोन्ही बाहुल्या अगदी सारख्या. मग दोष कुठे आहे?

खोलीतला उजेड कमी करा आणि बाईंना लांबच्या भिंतीकडे बघायला सांगा. जवळ बघितलं की बाहुली आपसूकच लहान होते आणि निकाल फसवा येतो. टॉर्च किंचित खालून उजव्या डोळ्यावर धरा. दोन्ही बाहुल्या आकसतील. दोन-तीन सेकंदांनी तो झटकन डाव्या डोळ्यावर न्या. आता डावी बाहुली टॉर्चच्या उजेडातच मोठी होताना दिसेल! पहिल्यांदा बघणारा चक्रावतोच.

याचं कारण जोडणीत आहे. डोळ्यातून निघालेला उजेडाचा निरोप दुसऱ्या नसेतून मेंदूच्या मधल्या भागात जातो. तिथे तो वाटला जातो आणि डाव्या-उजव्या दोन्ही तिसऱ्या नसांना एकदमच हुकूम सुटतो. म्हणजे आत येणारी वाट ज्या त्या डोळ्याची असली, तरी बाहेर जाणारा हुकूम दोघांना सारखा. म्हणूनच बाईंच्या बाहुल्या एरवी सारख्या दिसतात. टॉर्च उजवीकडे असताना भक्कम निरोप गेला आणि दोघी घट्ट आकसल्या. डावीकडे नेल्यावर त्या डोळ्याच्या सुजलेल्या दुसऱ्या नसेतून तोच उजेड मंद होऊन पोचला. मेंदूला वाटलं, अंधारलंय. त्याने दोघींना सैल सोडलं. ही तपासणी या पद्धतीने पॉल लेव्हाटिन यांनी १९५९ साली मांडली. खुणेला नाव मात्र मार्कस गन यांचं.

मोतीबिंदूने ही खूण येत नाही. नजर कितीही कमी असली, तरी एकट्या मोतीबिंदूत उजेड आत पोचतोच. दोन्ही नसा सारख्याच बिघडल्या असतील तरीही ती दिसणार नाही, कारण इथे तुलनाच मोजली जाते. आणि एक बाहुली थेंबांमुळे किंवा तिसऱ्या नसेच्या दुखापतीमुळे जखडली असेल, तर फक्त हलणाऱ्या बाहुलीकडे लक्ष ठेवायचं. ती एकटीच दोघींची साक्ष देते. निरोगी बाहुलीसुद्धा उजेडात जराशी थरथरते, म्हणून टॉर्च पोचल्यावरची पहिली हालचाल बघायची, नंतरची नाही.

पुढचं भराभर होतं. डोळ्यांच्या हालचालीसाठी तिसरी, चौथी आणि सहावी एकत्रच. मग चेहऱ्याचा स्पर्श, मग चेहऱ्याचे स्नायू. ‘भुवया वर करा’ म्हणायला विसरू नका. तोंड अचानक वाकडं झालं, पण कपाळावर दोन्हीकडे सारख्या आठ्या पडतात, तर दोष बहुधा मेंदूत असतो. लकव्याचा झटका असू शकतो. आपल्याकडे अशा वेळी ‘वारा लागला’ म्हणून लिंबू उतरवण्यात जो अर्धा तास जातो, तोच उपचाराचा असतो. आठ्या एका बाजूला पडतच नसतील, तर दोष बहुधा सातव्या नसेत. पण हा निवाडा घरी करत बसू नका, दोन्ही वेळा दवाखाना गाठा.

शेवटी कान, ‘आ’ म्हणायला लावून घसा, खांदे आणि जीभ. जीभ बाहेर काढली की ती अशक्त बाजूकडे वळते, पडजीभ मात्र निरोगी बाजूकडे ओढली जाते. त्या विद्यार्थ्याने नेमकं हेच उलटं सांगितलं, पण तोवर घंटा झाली होती.