रिक्वेस्ट की एन्क्वायर: मागायचंय की विचारायचंय?

'आस्क' सगळ्यांना येतं, त्यावर वेळ घालवत नाही. घोटाळा सुरू होतो तो ऑफिसच्या मेलमध्ये 'आस्क' साधा वाटतो म्हणून त्याच्या जागी भारदस्त शब्द टाकताना. रिक्वेस्ट, एन्क्वायर आणि सीक हे तिन्ही एकाच शब्दाचे कमी-जास्त सभ्य अवतार आहेत, असं समजून लोक हाताला येईल तो उचलतात. नवीन मुलांचे मेल तपासताना ही चूक मला जवळजवळ रोज दिसते.

खरं तर मराठी माणसाची इथे गल्लत व्हायलाच नको. इंग्रजीचा 'आस्क' एकटा दोन कामं करतो, पण आपल्याकडे त्यासाठी पहिल्यापासून दोन क्रियापदं आहेत: मागणे आणि विचारणे. शेजारणीकडे वाटीभर साखर आपण मागतो आणि दुकानात साखरेचा भाव विचारतो. रिक्वेस्ट म्हणजे मागणे, एन्क्वायर म्हणजे विचारणे. समोरच्याने काही करावं किंवा द्यावं असं वाटत असेल तर रिक्वेस्ट, आणि फक्त माहिती हवी असेल तर एन्क्वायर.

माझ्या एका सहकारी मुलीने आधीच्या कंपनीला मेल केला: 'आय अ‍ॅम रायटिंग टू एन्क्वायर अबाउट माय रिलीव्हिंग लेटर.' दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, विनंती आल्यापासून पंधरा कामकाजी दिवसांत पत्र दिलं जातं. ती निश्चिंत झाली आणि पंधरा दिवस थांबली. तिकडे कुणी पत्र तयारच करायला घेतलं नव्हतं. तिने पत्राबद्दल विचारलं होतं, त्यांनी सांगितलं. पत्र मागितलं कुठे होतं? मग आम्ही दोघींनी बसून दोन ओळींचा मेल लिहिला: 'कुड यू प्लीज सेंड मी माय रिलीव्हिंग लेटर बाय ट्वेंटिएथ जून?' आणि खाली एम्प्लॉयी नंबर. यात रिक्वेस्ट हा शब्दही नाही, तरी मागणी आहे, तारीख आहे, सभ्यपणा आहे. एका माणसाने दुसऱ्याला लिहिताना मी नेहमी हेच वाक्य सुचवते.

कारण 'आय रिक्वेस्ट यू टू' वाटतं तितकं नम्र नाही. 'प्रवाशांना विनंती आहे की' अशी घोषणा होते, तेव्हा ती सूचना असते हे आपण सगळे ओळखतो. इंग्रजीतही तसंच आहे. साहेबांनी हाताखालच्या माणसाला 'यू आर रिक्वेस्टेड टू' लिहिलं, तर तो सभ्य शब्दांतला हुकूम असतो. तेच वाक्य रोजच्या बोलण्यातल्या सहकाऱ्याला लिहिलंत तर त्याला वाटतं, आपलं काहीतरी चुकलंय. आणि 'रिक्वेस्ट यू टू काइंडली' ही कर्ता गाळलेली सुरुवात कृपा करून सोडा.

व्याकरणाचं थोडक्यात. रिक्वेस्ट क्रियापद असेल तर त्याच्यापुढे 'फॉर' लागत नाही: 'आय रिक्वेस्ट लीव्ह', पण 'माय रिक्वेस्ट फॉर लीव्ह'. एन्क्वायरच्या पुढे नाम आलं तर मात्र सहसा 'अबाउट' लागतं, आणि 'आय एन्क्वायर्ड यू' असं होत नाही. एसटी स्टँडवरची खिडकीही चौकशी आणि घोटाळ्यानंतर नेमलेली समितीही चौकशीच. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत मात्र पहिलीसाठी सहसा 'ई'चं एन्क्वायरी आणि दुसरीसाठी 'आय'चं इन्क्वायरी लिहितात. अमेरिकन दोन्हीकडे बहुधा 'आय'च वापरतात.

सीक कुठे शोभतो हे माहिती अधिकार कायदा, 2005 मध्ये छान दिसतं. कलम 6(1) सांगतं की माहिती हवी असणाऱ्याने लेखी 'रिक्वेस्ट' करावी आणि 'इन्फर्मेशन सॉट', म्हणजे हवी असलेल्या माहितीचा तपशील द्यावा. कृतीला रिक्वेस्ट, जे मिळवायचं त्याला सॉट, म्हणजे सीकचंच रूप. कलमात एन्क्वायर नाही, आणि ते बरोबरच आहे: अर्जदार हक्काने मागतोय आणि साधारण 30 दिवसांत कार्यालयाने ते द्यायचंय.

मेलमध्येही सीकच्या पुढे परवानगी, मंजुरी, खुलासा, सल्ला अशी वरून किंवा अधिकाराने मिळणारी गोष्ट यावी. 'वी सीक युअर अप्रूव्हल फॉर द रिव्हाइज्ड बजेट' हे विभागाच्या वतीने लिहिलेलं वाक्य चोख आहे. 'आय सीक द एक्सेल फाइल' मात्र कानाला खटकतं, फाइल सरळ मागावी. भूतकाळ सॉट आहे, 'सीक्ड' नाही. आणि 'सीक फॉर' लिहू नका, तिथलं 'फॉर' खोडलं की वाक्य जागेवर येतं.