अपिलाची मुदत टळली असेल तर: विलंब माफीचा अर्ज

(आमच्या पक्षकारांसाठी. ही माहिती दिवाणी अपिलांपुरती आहे.)

दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपील करायला 30 दिवस मिळतात आणि उच्च न्यायालयात 90 दिवस. मुदत टळली तर मुदत अधिनियम, 1963 च्या कलम 5 खाली विलंब माफीचा अर्ज करता येतो. हा अर्ज प्रतिज्ञापत्रासह, अपिलासोबतच द्यायचा असतो.

आधी उशीर खरोखर किती झाला ते मोजा. अर्जात दिवसांचा आकडा चुकला की पहिली हरकत तिथेच येते. निकालाचा दिवस मोजत नाहीत आणि नक्कल मिळवायला लागलेले दिवसही वगळतात. समजा निकाल 10 जानेवारी 2023 ला लागला. नकलेचा अर्ज 20 जानेवारीला दिला आणि नक्कल 8 फेब्रुवारीला तयार होऊन त्याच दिवशी हातात पडली. 11 जानेवारीपासूनचे 30 दिवस 9 फेब्रुवारीला संपतात. नकलेचे दोन्ही टोकांचे दिवस धरून 20 दिवस वगळले की शेवटची तारीख 1 मार्च येते. अपील 17 एप्रिलला दाखल केले, तर उशीर 47 दिवसांचा. निकालापासून सरसकट मोजून 67 दिवस लिहिणे म्हणजे स्वतःच्याच हाताने उशीर वाढवणे.

या तारखा नकलेवरच्या शिक्क्यांत असतात, म्हणून मूळ नक्कल आमच्याकडे आणा. नक्कल 8 तारखेला तयार असताना तुम्ही आठवडाभराने घेतलीत, तर तो आठवडा तुमच्या खात्यावर पडतो. नकलेसाठी अर्ज उशिरा केला असेल, तर त्याआधीचे दिवसही वगळले जात नाहीत.

कारण कसे मांडायचे

आता हे 47 दिवस. पक्षकार म्हणतात, 12 फेब्रुवारीला शस्त्रक्रिया झाली आणि 20 मार्चपर्यंत अंथरुणावर होतो. दवाखान्याचे डिस्चार्ज कार्ड आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र असेल तर 2 ते 20 मार्च हे 19 दिवस सुटले. उरले 28. समोरचे वकील बोट ठेवतात ते नेमके इथे: बरे झाल्यावर 21 मार्च ते 17 एप्रिल काय केले? कागद गोळा करत होतो, पैशांची जुळवाजुळव करत होतो, वकील बदलले, जे काही खरे असेल ते तारखांसह आणि कागदांसह लिहावे लागते. आजारपण भक्कम असूनही अर्ज याच उरलेल्या दिवसांवर फसू शकतो.

‘तब्येत बरी नसल्याने व घरगुती अडचणींमुळे विलंब झाला, तो जाणूनबुजून नाही’ हे वाक्य शेकडो अर्जांत सापडते आणि त्याने काहीही सिद्ध होत नाही. आम्ही निकालाच्या तारखेपासून घटनाक्रम लिहितो, कारण मुदत चालू असताना तुम्ही काय केलेत हेही न्यायालय पाहते. एका दिवसाचा हिशेब राहिला म्हणून अर्ज सहसा फेटाळत नाहीत, पण महिनाभराची पोकळी मात्र डोळ्यांत भरते.

‘वकिलांनी कळवलेच नाही’ हे कारण कधी कधी चालते, पण नुसते म्हणून भागत नाही. निकाल केव्हा आणि कसा कळला, त्याआधी वकिलांकडे किती वेळा चौकशी केली, त्याचा पुरावा लागतो. कायदा माहीत नव्हता, हे तर सहसा चालतच नाही.

न्यायालय कसे बघते

सर्वोच्च न्यायालयाने 1987 च्या कातिजी प्रकरणात उदार दृष्टी ठेवायला सांगितले. 1998 च्या एन. बालकृष्णन प्रकरणात 883 दिवसांचा विलंबही माफ झाला, कारण दिवसांच्या संख्येपेक्षा खुलासा पटण्याजोगा आहे का हे महत्त्वाचे मानले गेले. उलट 2012 मध्ये पोस्ट खात्याचा 427 दिवसांचा विलंब माफ झाला नाही. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती, एवढाच खुलासा होता. म्हणजे उदारपणा आहे, पण निष्काळजीपणासाठी नाही. तुमचे अपील गुणवत्तेवर कितीही बळकट असले, तरी पुरेसे कारण नसेल तर केवळ त्या बळावर माफी मिळेल असे धरून चालू नका.

न्यायालय बहुधा समोरच्या पक्षाला नोटीस काढते आणि म्हणणे ऐकून निर्णय देते. अर्ज मंजूर करताना समोरच्याला खर्च द्यायची अट घातली जाऊ शकते. खर्च ठरल्या तारखेपर्यंत भरला नाही तर मिळालेली माफी हातची जाऊ शकते, म्हणून आदेशाची प्रत त्याच दिवशी वाचा.

एक गोष्ट पक्षकारांच्या ध्यानात उशिरा येते. विलंब माफीचा अर्ज दिला म्हणून हुकूमनाम्याची अंमलबजावणी थांबत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 41, नियम 3-अ नुसार अपील ऐकायचे असे ठरेपर्यंत त्याला स्थगितीच देता येत नाही. तोवर समोरचा दरखास्त चालवू शकतो, ताब्याचे वॉरंटही आणू शकतो. घर किंवा जमिनीचा ताबा जाण्याची शक्यता असेल, तर दरखास्तीची नोटीस मिळाल्या दिवशीच आम्हाला दाखवा, म्हणजे विलंब अर्जाची सुनावणी लवकर घेण्याची विनंती करता येते.