नियुक्तीपत्र (पहिल्या कर्मचाऱ्याचे)

एखाद्या व्यक्तीला ठरावीक कामावर, ठरावीक पगारावर आणि ठरावीक अटींवर नेमले असल्याचे मालकाने दिलेले सहीचे पत्र म्हणजे नियुक्तीपत्र होय. बोलताना यालाच अपॉइंटमेंट लेटर किंवा नुसतेच ‘ऑर्डर’ म्हणतात. मोठ्या कारखान्यात स्थायी आदेश, हजेरीपटाचे नियम आणि कामगार संघटनेचे करार आधीपासून असतात, त्यामुळे तेथील नियुक्तीपत्र एका पानात संपले तरी चालते. ज्या दुकानात किंवा कार्यशाळेत आजवर मालक आणि घरचीच माणसे राबत होती, तेथे पहिला बाहेरचा माणूस नेमला जातो तेव्हा यांपैकी काहीच नसते आणि सर्व अटींचा भार त्या एका पत्रावर येतो. प्रस्तुत नोंद अशाच पत्राविषयी असून उदाहरणासाठी सोलापुरातील शालेय गणवेशाचे एक लहान, काल्पनिक दुकान घेतले आहे.

कायद्याची स्थिती थोडी गुंतागुंतीची आहे. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाच्या मूळ मजकुरात नोंदणी, कामाचे तास आणि रजा यांच्या बहुतेक तरतुदी दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू केलेल्या आहेत. त्याहून लहान आस्थापनेने केवळ व्यवसाय सुरू केल्याची सूचना द्यायची असते. 21 नोव्हेंबर 2025 पासून अंमलात आलेल्या कामगार संहितांपैकी व्यावसायिक सुरक्षा संहितेने प्रत्येक कर्मचाऱ्याला नियुक्तीपत्र देणे मालकाचे कर्तव्य ठरवले; पण त्या संहितेतील आस्थापनेची व्याख्याही साधारणतः दहा कामगारांपासूनच सुरू होते. याउलट वेतन संहिता एकाच माणसाला कामावर ठेवणाऱ्यालाही लागू होते. त्यामुळे किमान वेतन आणि पगाराची मुदत कायदा ठरवतो, तर तास, रजा, परिविक्षा म्हणजे बोलीतले प्रोबेशन, आणि नोटीस यांबाबत पत्रात जे लिहिले असेल तेच बहुतांशी प्रमाण मानले जाते. पत्र मुद्रांकित कागदावर असावे लागते हा समज चुकीचा आहे. साध्या कागदावरच्या दोन प्रती, दोन्हींवर मालकाची सही आणि कर्मचाऱ्याची ‘वाचून स्वीकारले’ या शेऱ्यासह तारखेची सही, एवढे पुरते.

कामाचे स्वरूप सांगणारे कलम सहसा सर्वांत कच्चे राहते. ‘मालक सांगतील ते काम’ असे लिहिण्याकडे कल असतो आणि त्यातूनच पुढे तक्रारी निघतात, कारण दुकानातल्या माणसाकडून घरचे निरोप आणि गाडी धुणेही अपेक्षिले जाऊ लागते. गणवेशाच्या दुकानात नेमलेल्या मदतनिसाबाबत हे कलम असे लिहिता येते : ‘आलेल्या मालाची मापवार व डझनवार मोजणी करून साठा-वहीत नोंद करणे, गिऱ्हाइकास माल दाखवणे व बिल करणे, शाळांच्या ऑर्डरप्रमाणे गठ्ठे बांधून ट्रान्सपोर्टला देणे व बिल्टी आणून देणे, आणि या कामांशी निगडित इतर कामे.’ शेवटचा तुकडा मालकाला मोकळीक देतो, पण ती मोकळीक वरच्या कामांशी बांधलेली राहते. रोकड हाताळायची असल्यास दिवसअखेर गल्ला कोणासमोर मोजायचा हेही येथेच लिहावे. नाहीतर तूट निघाल्यावर ती कोणाची, हे ठरवायला आधार उरत नाही.

पगाराच्या कलमात ‘हातात इतके’ असे लिहू नये. समजा पगार महिना 16,000 रुपये ठरला. त्यातील 13,500 रुपये मूळ वेतन व महागाई भत्ता, 1,500 रुपये घरभाडे भत्ता आणि 1,000 रुपये प्रवास भत्ता अशी फोड दाखवली, तर दोन गोष्टी साधतात. किमान वेतनाशी तुलना कोणत्या रकमेची करायची हे कळते, आणि वेतन संहितेनुसार वगळता येणारे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्यास जास्तीची रक्कम वेतनातच धरली जाते, तो प्रश्नही उद्भवत नाही. राज्यातील किमान वेतन उद्योग, परिमंडळ आणि कौशल्याच्या वर्गानुसार वेगळे असते, आणि त्यातील विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. म्हणून ‘किमान वेतन वाढल्यास त्याप्रमाणे पगार वाढेल’ असे एक वाक्य जोडणे शहाणपणाचे ठरते. व्यवसाय कराची कपातही सांगावी. दहा हजारांहून अधिक पगार असलेल्या पुरुष कर्मचाऱ्याचे दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापले जातात. स्त्री कर्मचाऱ्यास 25,000 रुपयांपर्यंत हा कर नाही. ‘हातात 16,000’ असे तोंडी ठरले असेल, तर पहिल्याच महिन्यात 15,800 रुपये मिळालेला माणूस फसवणूक झाल्याचे समजतो. पगार पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत देणे कायद्यानेच बंधनकारक आहे.

तासांच्या कलमात चूक सहज दिसत नाही. दुकान सकाळी दहा ते दोन आणि चार ते साडेआठ चालते असे धरले, तर उन्हाळ्यात दुपारची विश्रांती सर्वांनाच सोयीची वाटते आणि दिवसाचे काम साडेआठ तासच भरते. मात्र सहा दिवसांचे ते 51 तास होतात. 2017 च्या अधिनियमाने आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली आहे आणि ती या दुकानाला थेट लागू नसली, तरी किमान वेतन नेहमीच्या कामाच्या दिवसाचे मोजले जाते, त्यामुळे वरच्या तीन तासांच्या मोबदल्याचा प्रश्न उरतोच. संध्याकाळची वेळ आठपर्यंत आणली की हिशेब 48 वर येतो. शाळा उघडण्याच्या हंगामात, म्हणजे जूनच्या आगेमागे, दुकान रात्री उशिरापर्यंत चालते; त्या जादा तासांचा दर पत्रात लिहावा, आणि तो अधिनियमाप्रमाणे दुप्पट ठेवणे उत्तम. साप्ताहिक सुट्टीचा वार, ती पगारी आहे की नाही, तसेच सणांच्या सुट्ट्या नावानिशी लिहाव्यात. सोलापुरात संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते आणि त्या दिवसांत गावातला माणूस कामावर येईल असे कोणी गृहीत धरत नाही. पण पत्रात ती सुट्टी नसेल तर पगार कापला जाण्याची शक्यता राहते.

परिविक्षा आणि नोटीस ही दोन कलमे वेगवेगळी लिहिली जातात, पण ती एकमेकांत अडकलेली असतात. परिविक्षेचा काळ माणसाचे काम पाहण्यासाठी असतो. तो ‘सहा महिने’ असा न लिहिता ‘1 जून ते 30 नोव्हेंबर’ असा तारखांनी लिहावा. तो संपल्यावर काय होणार, हेही स्पष्ट हवे. मालक गप्प राहिला म्हणून माणूस आपोआप कायम होतो असे सरसकट म्हणता येत नाही. सरकारी सेवेच्या नियमांबाबत सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये असे धरले होते की, परिविक्षेला कमाल मर्यादा घातलेली असेल आणि त्यानंतरही माणसाला कामावर ठेवले असेल, तर तो कायम झाल्याचे मानता येते; म्हणजेच सारे काही पत्रातील शब्दांवर अवलंबून राहते. ‘लेखी कळवल्याखेरीज कायम समजले जाणार नाही, मात्र 30 नोव्हेंबरपूर्वी कायम करणे, एकदाच मुदत वाढवणे किंवा कमी करणे यांपैकी एक लेखी कळवले जाईल’ असा मजकूर दोन्ही बाजूंना न्याय देतो.

मुदतवाढ देताना आणखी एक तारीख ध्यानात ठेवावी लागते. 1 जूनला लागलेल्या माणसाची पगारी सुट्ट्या धरून 240 दिवसांची सेवा 26 जानेवारीला पूर्ण होते. परिविक्षा फेब्रुवारीअखेरपर्यंत लांबवली, तर ती ही तारीख ओलांडते. एवढी सेवा झालेल्या कामगाराची छाटणी करताना एक महिन्याची नोटीस किंवा तिचे वेतन, आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांच्या सरासरी वेतनाची भरपाई द्यावी लागते. ही तरतूद औद्योगिक विवाद अधिनियमात होती आणि औद्योगिक संबंध संहितेतही आहे. या तरतुदीसाठी कामगारांच्या संख्येची अट नसल्याने एकच मदतनीस असलेल्या दुकानदाराने ‘अजून प्रोबेशनच चालू आहे’ असे म्हटल्याने भागत नाही.

नोटिशीच्या कलमातून वाद कसा निघतो ते पाहू. वरील मदतनिसाने 20 ऑक्टोबरला राजीनामा दिला आणि 31 ऑक्टोबरला काम सोडले. पत्रात एकच ओळ होती : ‘दोन्ही बाजूंनी एक महिन्याची नोटीस द्यावी, अन्यथा तेवढ्या दिवसांचा पगार भरावा.’ तीस दिवस 19 नोव्हेंबरला भरत होते, म्हणून 19 दिवस कमी पडले. मालकाने महिन्याचे 26 दिवस धरून दिवसाचा दर 615.38 रुपये काढला आणि 11,692 रुपये मागितले. मदतनिसाचे म्हणणे असे की, 19 दिवसांत रविवारही मोजले असतील तर महिना 30 दिवसांचाच धरावा. तसे केल्यास 10,133 रुपये होतात. हिशेबाच्या दृष्टीने त्याचे बरोबर होते, कारण दिवस कॅलेंडरचे आणि दर कामाच्या दिवसाचा, अशी सरमिसळ करता येत नाही. त्यात मालकाने ही रक्कम ऑक्टोबरच्या पगारातून परस्पर वळती करायचे ठरवले. वेतन संहितेप्रमाणे कायद्याने मान्य केलेल्या कारणांसाठीच कपात करता येते आणि एका वेतन कालावधीतील एकूण कपात वेतनाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नये. शिवाय राजीनामा दिलेल्याचे देणे दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते करायचे असते.

खरी चूक पत्र लिहितानाच झाली होती. 20 ऑक्टोबरला मदतनीस परिविक्षेत होता आणि त्या काळासाठी वेगळी नोटीस लिहायला हवी होती. ‘परिविक्षेत दोन्ही बाजूंनी 7 दिवस, कायम झाल्यावर 30 दिवस, दिवस कॅलेंडरप्रमाणे मोजावे व दिवसाचा दर मासिक वेतन भागिले 30’ एवढे असते, तर नोटीस 27 ऑक्टोबरला संपली असती आणि देण्या-घेण्याचा प्रश्नच उरला नसता. मालकाला परिविक्षेत एक दिवसही न देता काढण्याची मुभा आणि कर्मचाऱ्यावर मात्र महिन्याची नोटीस, अशी एकतर्फी कलमे तयार नमुन्यांतून उचललेली पुष्कळ पत्रांत दिसतात. ती वादात टिकवणे अवघड जाते. परिविक्षेत कमी करतानाही पत्रात चोरीचा किंवा अप्रामाणिकपणाचा ठपका लिहिला, तर चौकशीशिवाय केलेली ती कारवाई अडचणीत येते.

नमुन्यांतून आलेले आणखी एक कलम म्हणजे ‘नोकरी सोडल्यावर दोन वर्षे याच धंद्यात काम करणार नाही’ हे होय. 1872 च्या करार अधिनियमाच्या कलम 27 नुसार नोकरी संपल्यानंतरचे असे बंधन निरर्थक ठरते, म्हणून ते लिहूच नये. मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेण्यापेक्षा छायाप्रती घ्याव्यात.

सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू घरोघरी बोलल्या जातात. पत्र मराठीत असले आणि कर्मचाऱ्याला मराठी वाचता येत नसेल, तर त्याच्या भाषेत ते वाचून दाखवणाऱ्याची साक्षीदार म्हणून सही घेतली जाते आणि कोणत्या भाषेत समजावले याची ओळ सहीच्या वर लिहिली जाते.