अटकेनंतरचे कार्यालयीन निवेदन

कर्मचाऱ्याला कामाबाहेरच्या प्रकरणात अटक झाली की आस्थापना सहकाऱ्यांना जे चार शब्द सांगते, ते हे निवेदन. त्याचा विषय काम असतो, गुन्हा नव्हे.

समजा, रविवारी रात्री सोसायटीत पार्किंगवरून मारामारी झाली आणि कारखान्याच्या स्टोअरच्या सुपरवायझरला पोलिसांनी अटक केली. सोमवारच्या पहिल्या पाळीला लोक येतात तेव्हा बातमी व्हॉट्सॲपवर फिरून झालेली असते. अटक झालेल्या व्यक्तीला २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावे लागते. जामीन की कोठडी, हे बहुधा तिथेच कळते. तोवर कंपनीकडे ऐकीव माहितीच असते. म्हणून पहिली सूचना एवढीच पुरते: ‘पुढील सूचनेपर्यंत स्टोअरचे काम दुसऱ्या पाळीचे सुपरवायझर पाहतील. माल काढण्याच्या चिठ्ठ्यांवर त्यांची सही घ्यावी. बाहेरून चौकशी आल्यास ती मनुष्यबळ विभागाकडे पाठवावी.’ बातमी सगळीकडे पसरली असेल तर आणखी एक वाक्य जोडावे: ‘सहकाऱ्यांच्या खासगी बाबींवर कंपनी भाष्य करत नाही, आपणही तर्क करू नयेत.’ पसरली नसेल, तर हे वाक्य लिहूच नये. त्यानेच कुजबुज सुरू होते.

चूक बहुतेकदा सद्‌हेतूनेच होते. ‘ते रजेवर आहेत’ हे सांभाळून घेणारे वाटते, पण रजा मंजूर नसेल तर ते खोटे ठरते. ‘सध्या कामावर नाहीत’ एवढेच म्हणावे. ‘आमचा त्यांच्यावर पूर्ण विश्वास आहे’ हेही टाळावे, कारण तक्रारदार त्याच कंपनीत असू शकतो. ‘निलंबित’ हा शब्द तसा आदेश निघाल्याशिवाय वापरू नये. महाराष्ट्राच्या १९७९ च्या शिस्त व अपील नियमांनुसार सरकारी कर्मचारी ४८ तासांहून अधिक काळ कोठडीत राहिला तर तो निलंबित मानला जातो. पण ते कोठडीमुळे, दोष सिद्ध झाल्यामुळे नव्हे. खासगी कंपनीला हा नियम लागू नाही.

‘खरे तेच सांगितले’ हा बचावही अपुरा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीच्या आरोपातून सुटायला विधान खरे असणे पुरत नाही. ते सांगण्यात लोकहितही असावे लागते. पार्किंगच्या भांडणाचा तपशील साऱ्या कारखान्याला कळण्यात ते दाखवणे अवघड. प्रकरण लैंगिक अत्याचाराचे असेल तर पीडितेची ओळख उघड करणे कलम ७२ प्रमाणे गुन्हाच आहे, आणि छोट्या विभागात नुसती ‘शेजारीण’ म्हटले तरी ओळख पटते.

कलमे, एफआयआरची प्रत आणि जामिनाची कागदपत्रे मनुष्यबळ प्रमुख व कायदा सल्लागार यांच्यापुरतीच ठेवतात. थेट वरिष्ठाला फक्त कर्मचारी किती दिवस येणार नाही हे कळवले जाते. जामिनावर सुटून तो परत रुजू झाला, तर दुसरी सूचना पहिलीइतकीच कोरडी असते: ‘गुरुवारपासून स्टोअरच्या चिठ्ठ्या पूर्वीप्रमाणे.’