एप्रिल आला की वॉनवर ताण का येतो: मायदेशी जाणाऱ्या लाभांशाची पार्श्वभूमी

दक्षिण कोरियाच्या चलन बाजारात एप्रिल महिन्याची दरवर्षी आधीपासून चर्चा सुरू होते. कंपन्यांनी वाटलेला लाभांश परदेशी मालकांच्या हाती पडतो, त्यातला बराच भाग वॉनमधून डॉलरमध्ये बदलला जातो आणि देशाबाहेर जातो. लाभांश बाहेर सगळीकडूनच जातो, पण तो एकाच महिन्यात इतका एकवटलेला क्वचितच दिसतो. म्हणून हंगामी मागणी चलनाला किती हलवू शकते हे तपासायला कोरियासारखं उदाहरण नाही.

महिना एप्रिलच का, याचं उत्तर कायद्यात आहे. बहुतेक कोरियन कंपन्यांचं आर्थिक वर्ष डिसेंबरअखेर संपतं. भागधारकांची नोंद ३१ डिसेंबरची धरली, तर वार्षिक सभा त्यानंतर तीन महिन्यांच्या आत घ्यावी लागते. त्यामुळे सभांची मार्चअखेर झुंबड उडते. सभेने लाभांश मंजूर केल्यावर तो एका महिन्यात द्यायचा, असंही व्यापारी कायदा सांगतो. सगळ्यांची मुदत एकदमच संपते आणि पैसे एप्रिलमध्ये सुटतात.

परदेशी मालकी इतकी वाढली कशी, ही गोष्ट त्याआधीची. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या नियमावलीत गुंतवणुकीवरचं उत्पन्न हा चालू व्यवहार मानला जातो. कलम आठची बंधनं स्वीकारलेल्या देशाला असे व्यवहार नाणेनिधीच्या संमतीशिवाय अडवता येत नाहीत. कोरियाने ती बंधनं १९८८ मध्ये स्वीकारली. शेअर बाजार परदेशी गुंतवणूकदारांना १९९२ मध्ये खुला झाला, पण मालकीवर घट्ट मर्यादा होती. १९९७ च्या आशियाई आर्थिक संकटाने ती मोडली. नाणेनिधीच्या मदतीसोबत मर्यादा झपाट्याने वाढवल्या गेल्या आणि मे १९९८ मध्ये, काही राखीव क्षेत्रं वगळता, त्या उठवल्याच. २००४ च्या सुमारास बाजारमूल्याचा सुमारे चाळीस टक्के भाग परदेशी हातात होता. याच काळात कोरिया फर्स्ट आणि कोरॅमसारख्या बँकाही परदेशी बँकांनी विकत घेतल्या. एस-ऑइल या तेलशुद्धीकरण कंपनीत सौदी अरामको आधीपासूनच मोठी भागधारक होती. संकटाच्या वेळी आलेल्या डॉलरवरचा परतावा पुढे दरवर्षी डॉलरमध्येच मागितला जाऊ लागला.

हे पैसे दोन वाटांनी जातात आणि त्यांचा परिणाम वेगवेगळा असतो. पहिली वाट परदेशी मूळ कंपनीची. तिच्या कोरियन उपकंपनीने वॉनमध्ये लाभांश ठरवला की त्या दिवसापासून पैसे हाती येईपर्यंत दराची जोखीम मूळ कंपनीच्या डोक्यावर असते. म्हणून तिचा ट्रेझरी विभाग बऱ्याचदा सभा होताच बँकेशी फॉरवर्ड करार करतो, म्हणजे पुढच्या तारखेचे डॉलर आजच्या ठरलेल्या दराने घेऊन ठेवतो. बँक स्वतः जोखीम धरून बसत नाही. ती त्याच दिवशी बाजारातून डॉलर उचलते. त्यामुळे लाभांश एप्रिलच्या मध्यावर मिळाला तरी त्याचा भार मार्चअखेरच पडून गेलेला असू शकतो. दुसरी वाट शेअर बाजारातल्या परदेशी फंडांची. त्यांचा लाभांश कर कापून त्यांचे शेअर सांभाळणाऱ्या कस्टोडियन बँकेकडे येतो आणि ठरलेल्या सूचनेनुसार लगेच बदलला जातो. या ऑर्डरींना दराशी देणंघेणं नसतं, त्यांना फक्त त्या दिवशी डॉलर हवे असतात. जुलै २०२४ पर्यंत स्थानिक चलन बाजार दुपारी साडेतीनला बंद व्हायचा, म्हणजे हे सगळं साडेसहा तासांत उरकावं लागे. एकाच बाजूच्या ऑर्डरी थोड्या वेळात पडल्या आणि समोर डॉलर विकणारा निर्यातदार थांबून राहिला, की दर सरकतो. धक्का बसतो तो असा, काही दिवसांपुरता.

एप्रिल २०१९ मध्ये तो नुसता धक्का वाटला नाही. मार्चअखेर एका डॉलरला सुमारे १,१३५ वॉन पडत होते, एप्रिलअखेर १,१६८ च्या आसपास पडू लागले. चालू खात्यात, म्हणजे परदेशांशी होणाऱ्या व्यापार आणि उत्पन्नाच्या हिशेबात, सुमारे ६६ कोटी डॉलरची तूट आली आणि सलग ८३ महिन्यांची शिल्लक तुटली. लाभांशाकडे बोट दाखवणं सोपं होतं, पण मला ते स्पष्टीकरण अपुरं वाटतं. आदल्या वर्षी एप्रिलमध्ये बाहेर गेलेला लाभांश त्याहून मोठा होता, तरी खातं शिलकीत राहिलं होतं. मधल्या काळात बदलला होता व्यापार. सेमीकंडक्टरची निर्यात घसरल्याने वस्तू व्यापारातली शिल्लक वर्षभरात सुमारे ९.६ अब्ज डॉलरवरून ५.७ अब्जांवर आली होती. त्यात २५ एप्रिलला पहिल्या तिमाहीत अर्थव्यवस्था आकुंचन पावल्याची बातमी आली. लाभांशाची मागणी नेहमीचीच होती, ती झेलणारे डॉलर कमी पडले.

दोन वर्षांनी उलट चित्र दिसलं. सॅमसंग इलेक्ट्रॉनिक्सने नेहमीच्या ३५४ वॉनवर १,५७८ वॉनचा विशेष लाभांश जोडून दर शेअरला १,९३२ वॉन जाहीर केले. एकूण रक्कम १३ लाख कोटी वॉनच्या पुढे गेली आणि त्यातले निम्म्याहून अधिक शेअर परदेशी हातात होते. परदेशी भागधारकांचा वाटा सुमारे ७.७ लाख कोटी वॉन धरला, तर १,११७ च्या दराने ते करापूर्वी जवळपास ६.९ अब्ज डॉलर होतात. हे पैसे १६ एप्रिल २०२१ ला वाटले गेले. बाजार कित्येक आठवडे त्या तारखेकडे डोळे लावून होता. प्रत्यक्षात मार्चअखेर १,१३० च्या वर असलेला दर एप्रिलअखेर १,११२ च्या आसपास आला, म्हणजे वॉन मजबूत झाला. जगभर डॉलर उतरत होता आणि त्या महिन्यात कोरियाची निर्यात वर्षभरापूर्वीच्या तुलनेत चाळीस टक्क्यांहून अधिक वाढली होती. तारीख सर्वांना माहीत असल्याने अनेकांनी डॉलर आधीच घेतले होते, तर काही फंडांनी लाभांश पुन्हा कोरियन शेअरमध्येच गुंतवला असणार. जाहीर झालेली रक्कम आणि बाजारात खरोखर उतरणारी डॉलरची मागणी यांत बरंच अंतर पडतं. बातम्यांमध्ये ते बहुतेक वेळा निसटतं.

एखाद्या वर्षीची घसरण हंगामी आहे का, हे काही खुणांवरून ताडता येतं. हंगामी असेल तर शेजारची आशियाई चलनं तितकी हललेली नसतात, घसरण मोठ्या वाटपाच्या तारखांभोवती गोळा होते आणि मे महिन्यात बरीचशी भरून निघते. २०१९ मध्ये मेमध्येही वॉन घसरतच राहिला आणि दर १,१९० च्या पुढे गेला. तोवर लाभांशाचा हंगाम संपलेला होता. तेव्हा मूळ कारण दुसरीकडे होतं.

एकवटलेला महिनाही आता थोडा विरळ होतो आहे. सॅमसंगने २०१७ पासून तिमाही लाभांश सुरू केला, इतरही त्या वाटेने गेले. लाभांशाची रक्कम आधी ठरवून भागधारकांच्या नोंदीची तारीख नंतर ठेवायची मुभा २०२३ च्या सुधारणांनी रुळवली, त्यामुळे सगळ्यांच्या तारखा डिसेंबरअखेरला बांधलेल्या राहिल्या नाहीत. तरी एप्रिल २०२३ मध्ये चालू खातं पुन्हा तुटीत गेलं आणि एप्रिल २०२४ च्या सुरुवातीच्या आकड्यांतही तूट दिसली. एप्रिल २०२५ मध्ये, तोच लाभांशाचा महिना असूनही, ते ठळक शिलकीत राहिलं. कारण निर्यातीतून आलेले डॉलर त्या वर्षी पुरून उरले.